तात्यांचा मान आणि खोटा निरोप

(बारडोली येथे मराठी भाषिक कुटुंबांच्या बैठकीत केलेल्या भाषणावरून)



बारडोलीहून पूर्वेस निघालेला मोठा रस्ता व्यारा, सोनगड, नवापूर असा जात जात साक्री आणि पुढे धुळ्यास पोहोचतो. आपणांपैकी कित्येकांची घरे या रस्त्याच्या दोन्ही टोकांना वाटली गेली आहेत. धाकटा भाऊ इथे नोकरीस, थोरला तिकडे शेतीवर. मुलगी इथे दिलेली, माहेर साक्री तालुक्यात. एके काळी या दोन टोकांत पोस्टकार्ड ये-जा करीत असे. आता सगळे कुटुंब मोबाइलमधील व्हॉट्सअॅपच्या एका गटात एकत्र बसलेले असते. आज मला जे सांगावयाचे आहे ते याच गटासंबंधी आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाने तेथे खोटी बातमी टाकली, तर ती कशी थांबवावी, आणि थांबविताना त्या माणसाची मान खाली जाणार नाही हे कसे पाहावे, एवढाच माझा विषय आहे.

त्यासाठी प्रथम याच रस्त्याच्या आसपास घडलेली एक घटना सांगणे भाग आहे. दिनांक १ जुलै २०१८ रोजी, रविवारी, साक्री तालुक्यातील राईनपाडा या गावी आठवड्याचा बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी तेथे आले होते. ते सोलापूरकडील, मंगळवेढे भागातून फिरतीवर निघालेले लोक होते. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे निरोप त्या भागात काही दिवसांपासून मोबाइलवरून पसरत होते. त्यातच या पाच जणांवर संशय घेतला गेला. जमावाने त्यांना मारहाण केली, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेले आणि तेथेही मारले. पाचही जण मरण पावले. मूल कोणाचेच पळवले गेले नव्हते. त्याच दिवशी रात्री मालेगावातही अशाच संशयावरून जमाव जमला. तेथे मात्र पोलिसांनी लहान मुलासह पाच जणांची सुटका केली. त्याच्या आधी काही दिवस, २६ जून रोजी, अहमदाबादेतील वाडज भागात भीक मागणाऱ्या एका स्त्रीचा याच अफवेपायी बळी गेला होता.

त्या दिवसांत देशभर जी चित्रफीत फिरत होती तिची हकीगत जाणून घेण्यासारखी आहे. मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेतात, असे तीत दिसते. हे दृश्य खरे नव्हते आणि भारतातील तर मुळीच नव्हते. कराचीतील एका बालसंरक्षण संस्थेने मुलांकडे लक्ष ठेवा हे सांगण्यासाठी तयार केलेली ती जाहिरात होती. मूळ फितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि एक फलक धरून दाखवितात. कोणीतरी शेवटचा हा भाग कापून टाकला. फिरणाऱ्या दुसऱ्या एका निरोपात रांगेने ठेवलेल्या मृत बालकांचे चित्र होते. ते सिरियातील घूता येथे २०१३ साली झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील होते. चित्र खरे आणि त्याखालील मजकूर खोटा, असा हा प्रकार होता. आजही बहुतेक खोट्या बातम्या याच जातीच्या असतात, आणि म्हणूनच त्या डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाहीत.

आता प्रश्न असा की, हे निरोप राईनपाड्यासारख्या ठिकाणी पोहोचविले कोणी? बदमाशांनी एकदा तयार करून सोडले असतील. पण घराघरांत नेले ते काळजी करणाऱ्या माणसांनी. नातवंडे बाहेर खेळतात, सून एकटी बाजारास जाते, म्हणून आजोबांनी चार जणांना सावध केले. निरोप पाठविणारा मनुष्य खोटे बोलत नसतो. त्याला जे खरे वाटले ते तो आपुलकीने पुढे करीत असतो. ही गोष्ट ध्यानात घेतली नाही, तर पुढचे सारेच चुकते. आपण त्याला बातमी खोटी असल्याचे सांगतो. त्याच्या कानावर मात्र आपली काळजी मूर्खपणाची ठरली एवढेच पडते. तेही चाळीस नातेवाइकांच्या देखत, ज्यांत जावई असतात, व्याही असतात आणि कालपर्यंत मांडीवर खेळलेली पोरेही असतात. अशा वेळी माणूस बातमीचे नव्हे, स्वतःचे समर्थन करू लागतो. दुसऱ्या दिवशी तो तसेच आणखी दोन निरोप टाकतो, आपले म्हणणे खरे होते हे दाखविण्यासाठी.

म्हणून येथे दोन कामे आहेत आणि ती एकमेकांच्या आड येतात. निरोप वाचणाऱ्या चाळीस जणांना तो खोटा असल्याचे लवकर कळले पाहिजे. आणि ज्याने तो टाकला त्याला ते चारचौघांत ऐकावे लागता कामा नये. पहिल्या कामाला उघडपणा व घाई लागते, दुसऱ्याला एकान्त व सबुरी. माझ्या मते यातून मार्ग एकच आहे: निरोपाशी गटात बोलावे, माणसाशी फोनवर बोलावे, आणि शक्यतो फोन आधी करावा.

हे प्रत्यक्षात कसे करावयाचे ते एका उदाहरणावरून पाहू. कुटुंब कल्पनेतले आहे, पण आपणांस ते ओळखीचे वाटेल. साक्री तालुक्यातील तात्या, वय सत्तर, घरातील सर्वांत वडील. बारडोलीस राहणारा त्यांचा पुतण्या. सायंकाळी आठ वाजता तात्या गटात एक चित्रफीत टाकतात. सोबत मजकूर की, आपल्या भागात साधूंच्या वेषात मुले पळविणारे आले आहेत, दोघे काल पकडले गेले, सर्वांना कळवा.

पुतण्याने पहिली गोष्ट ठरवावयाची ती ही की, या निरोपाने आज रात्री कोणाला इजा होऊ शकते काय? कडुनिंबाच्या काढ्याने मधुमेह जातो, हा निरोप खोटा असला तरी तो उद्या सकाळपर्यंत थांबू शकतो. कोणी चालू असलेले औषध सोडणार असेल तरच घाई करावी. पण ज्या निरोपात गावाचे नाव आहे, अनोळखी माणसाचे वर्णन आहे आणि कळवा, पकडा असा आदेश आहे, तो थांबू शकत नाही. आपल्या बारडोलीत तर अधिकच नाही. ऊसतोडीच्या हंगामात धुळे, नंदुरबार, डांग या भागांतून आलेली कुटुंबे येथे शेताच्या कडेला पाल ठोकून राहतात. भाषा निराळी, चेहरे अनोळखी, बरोबर लहान मुले. तात्यांचा निरोप बारडोलीच्या गटांत पसरला, तर संशयाची पहिली नजर तात्यांच्याच तालुक्यातून आलेल्या माणसांवर पडेल. राईनपाड्याचे पाच जणही असेच लांबून आलेले होते.

दुसरी गोष्ट पडताळणीची. ती केल्याशिवाय तात्यांना फोन करणे म्हणजे एका अंदाजाविरुद्ध दुसरा अंदाज उभा करणे होय. प्रथम निरोपाच्या माथ्यावर पाहावे. तेथे दोन बाण आणि Forwarded many times अशी अक्षरे असतील, तर तो निरोप तात्यांपर्यंत येण्यापूर्वी किमान पाच हातांतून गेलेला आहे. एवढ्याने तो खोटा ठरत नाही. पण तो तात्यांच्या ओळखीच्या माणसाने पाहून लिहिलेला नाही एवढे निश्चित होते, आणि पुढे बोलताना हे फार उपयोगी पडते. त्यानंतर मजकुरात तारीख, गाव व पोलीस ठाण्याचे नाव आहे काय ते पाहावे. ‘काल’ हा शब्द अशा निरोपांत फार लबाड असतो. तो तीन वर्षांपूर्वीही कालच होता. मग चित्रफीत एका जागी थांबवून त्या दृश्याचे चित्र मोबाइलमध्ये जतन करावे आणि Google Lens मध्ये घालून शोधावे. तेच दृश्य जुन्या तारखेने किंवा दुसऱ्या देशाच्या नावाने आढळले, तर काम झाले. आढळले नाही, तर मात्र ते नवे व खरे आहे असे समजू नये. या शोधाची मर्यादा अशी की, तो सापडलेले दाखवितो, न सापडलेल्याबद्दल काही सांगत नाही. शेवटचा आणि सर्वांत भरवशाचा उपाय जुनाच आहे. ज्या गावाचे नाव घेतले आहे तेथील पोलीस ठाण्यात किंवा पोलीस पाटलांना फोन करून विचारावे. यास पाच मिनिटे लागतात. या एका फोनने जे कळते ते तासभर मोबाइल चाळून कळत नाही.

समजा, ठाण्यातून उत्तर आले की, असे कोणी पकडले गेलेले नाही. आता तात्यांना फोन. येथे शब्द महत्त्वाचे आहेत, म्हणून मी ते सविस्तर सांगतो. पुतण्याने असे म्हणावे: “तात्या, जेवण झालं का? तुमचा निरोप पाहिला. पोरांची काळजी तुम्हालाच सुचणार. मलाही धास्ती वाटली, म्हणून मी ठाण्यात फोन लावून विचारलं. ते म्हणाले, असं काही घडलेलं नाही, ही जुनीच फीत पुन्हा फिरते आहे. तुम्हाला ती कोणाकडून आली?” शेवटचा प्रश्न विचारण्यात दोन हेतू आहेत. तात्यांना कळते की दोष त्यांच्यापाशी थांबत नाही. त्यांनाही कोणीतरी फसविले. आणि निरोप कोणत्या वाटेने आला ते समजते. त्यानंतर लगेच दुसरा प्रश्न विचारावा: “आपल्या गटाशिवाय आणखी कुठे पाठवला होता का?” बहुधा पाठविलेला असतोच, भजनी मंडळाच्या गटात, सोसायटीच्या गटात. हा प्रश्न पुष्कळ जण विसरतात आणि मग घरची आग विझते, शेजारची पेटत राहते.

मग तात्यांना विनंती करावी की, तुम्ही सांगितलेत तर सगळे ऐकतील, तुम्हीच दोन ओळी टाका. हे खुशामतीचे बोलणे नव्हे. ते खरोखरच तसे असते. पुतण्याने दिलेला खुलासा पोरसवदा उद्धटपणा ठरू शकतो. तात्यांनी दिलेला खुलासा वडिलांची सूचना ठरते. ज्याने निरोप टाकला त्यानेच तो मागे घेतला म्हणजे त्याचा मान जात नाही, उलट वाढतो. मजकूर पुतण्याने लिहून द्यावा, कारण सत्तरीच्या माणसाला टंकलेखनाचा कंटाळा असतो: “मी मघाशी टाकलेल्या निरोपाबद्दल ठाण्यात चौकशी केली. आपल्या भागात असा प्रकार घडलेला नाही. कोणी पुढे पाठवला असल्यास त्यांनाही कळवावे. — तात्या.” या मजकुरात खोटी चित्रफीत पुन्हा जोडलेली नाही, हे लक्षात घ्यावे. खंडन करताना मूळ चित्र पुन्हा दाखविले, तर घाईत पाहणारा चित्रच लक्षात ठेवतो व शब्द विसरतो.

मूळ निरोप काढून टाकण्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे. Delete for everyone ही सोय पाठविल्यापासून दोन दिवस आणि बारा तास चालते. तिने गटातील प्रत निघते, पण निरोप काढल्याची खूण तेथे राहते, आणि ज्यांनी तो आधीच पुढे पाठविला त्यांच्या प्रती तशाच राहतात. म्हणून नुसते काढणे पुरेसे नाही. किंबहुना खुलासा न देता काढले, तर तात्यांनी काय बरे काढले, अशी कुजबूज सुरू होते. गटाच्या चालकालाही दुसऱ्याचा निरोप काढता येतो. परंतु न विचारता तसे करणे म्हणजे पंगतीतून ताट उचलण्यासारखे आहे. ते करू नये.

तात्यांनी फोन उचलला नाही तर? गावाकडे आठ वाजता लोक जेवतात, नऊला झोपतात. निरोप तातडीचा असेल, तर अर्ध्या तासापेक्षा अधिक थांबू नये. गटात लिहावे, पण तात्यांच्या निरोपाला जोडून उत्तर देऊ नये, कारण तसे केले की त्यांचे नाव वर झळकते. स्वतंत्र ओळ लिहावी: “मुले पळविणाऱ्यांबद्दल जी फीत सध्या सगळीकडे फिरते आहे तिच्याबद्दल आत्ता ठाण्यात विचारले. असे काही घडलेले नाही असे ते सांगतात. कृपया पुढे पाठवू नये.” ‘सगळीकडे’ या एका शब्दाने तात्या एकटे पडत नाहीत. आणि सकाळी पहिला फोन तात्यांनाच करावा, गटात वाचण्यापूर्वी त्यांच्या कानावर घालावे.

एवढे करूनही बिघडते, ते बहुधा इतरांमुळे. पुतण्याने सौम्यपणे लिहिले, तेवढ्यात पुण्याचा भाचा हसणाऱ्या तोंडाचे चित्र टाकतो. कोणी तरी ‘पुन्हा एकदा’ असे लिहितो. कोणी पंचवीस ओळींचा उपदेश चिकटवितो की, सुशिक्षितांनी तरी खातरजमा करावी. येथेच तात्या गट सोडून जातात आणि पुढच्या लग्नापर्यंत अबोला राहतो. म्हणून खुलासा टाकण्यापूर्वी अशा दोघा-तिघांना स्वतंत्रपणे सांगून ठेवावे की गप्प राहा. आणखी एक, कायद्याचा धाक घालू नये. लोकांत भीती पसरविणाऱ्या खोट्या माहितीबद्दल भारतीय न्याय संहितेत कलम ३५३ आहे, हे खरे. अधिकाऱ्यांनी ते जाणावे. पण काकांना कलम ऐकविणाऱ्या पुतण्याचे बोलणे घरात दुसऱ्यांदा कोणी ऐकत नाही.

कोणी बोलावे हाही प्रश्न आहेच. आपल्या घरांत सुनेने सासऱ्यांना असे सांगणे अवघड असते, सांगितले तरी त्याचा अर्थ वेगळा काढला जातो. तिने पडताळणी करावी आणि बोलण्याचे काम बरोबरीच्या माणसाकडे द्यावे: तात्यांचे धाकटे भाऊ, त्यांचे मेहुणे, किंवा गावचे निवृत्त गुरुजी. शिक्षकांना येथे मोठे काम आहे. ज्याने तात्यांच्या मुलांना शिकविले त्याचा शब्द तात्या घेतात.

फार पुरावे द्यावे लागतात अशी एक समजूत आहे. ती मला बरोबर वाटत नाही. सुमित्रा बद्रीनाथन व सिमोन शोशार या अभ्यासकांनी भारतात याच विषयावर प्रयोग केले. त्यांना असे आढळले की, गटातील एखाद्याने निरोप खरा नसल्याचे साधेपणाने म्हटले, तरी वाचणाऱ्यांचा त्यावरील विश्वास कमी होतो. मोठ्या संस्थेचा हवाला जोडल्याने फारसा फरक पडत नाही. उलट बद्रीनाथन यांनी २०१९ साली बिहारमध्ये लोकांच्या घरी जाऊन तासाभराचे शिक्षण दिले, तेव्हा एकंदरीने पाहता खोटे ओळखण्याच्या शक्तीत लक्षणीय वाढ दिसली नाही. याचा मी असा अर्थ घेतो की, तात्यांना एकदाच बसवून पाठ देण्यापेक्षा त्या-त्या निरोपाच्या वेळी एक शांत वाक्य बोलणे अधिक कामाचे. ते वाक्य न बोलता सगळे गप्प बसले, तर वाचणारे त्या मौनाचा अर्थ संमती असाच घेतात.

मात्र या पद्धतीची मर्यादा सांगितली पाहिजे. मुले पळविण्याची अफवा ठाण्यात फोन करून खोटी ठरविता येते. पण एखाद्या जातीबद्दल, धर्माबद्दल किंवा पक्षाबद्दलचा राग मनात असेल, तर त्या रागाला धरून आलेला निरोप खोटा असल्याचे दाखविले तरी राग तसाच राहतो. तेथे पुतण्याने एवढेच साधावे: ही घटना घडलेली नाही. तात्यांचे मत बदलण्याची लढाई त्याच वेळी सुरू केली, तर घटना घडली नाही हेही ते मानणार नाहीत. अर्धा खरा निरोप त्याहून कठीण. एखादे मूल खरोखरच हरवलेले असते, आणि त्याला टोळीची गोष्ट चिकटविलेली असते. तेथे सरसकट ‘खोटे’ म्हणू नये. मूल हरवल्याची तक्रार नोंदली आहे, शोध चालू आहे, टोळीची गोष्ट मात्र खरी नाही, असे वेगळे करून सांगावे. नाहीतर उद्या मुलाची बातमी वर्तमानपत्रात आली की आपला सारा खुलासा खोटा ठरतो आणि तात्यांची टोळी खरी ठरते.

बारडोलीकरांना एक जुनी गोष्ट ठाऊक असेल. १९२८ च्या सत्याग्रहात येथून रोज एक पत्रिका निघत असे आणि ती गावोगाव पोहोचविली जाई. जप्तीची, माघारीची काय काय वार्ता उठत असेल याची कल्पना करा. पण लोकांना खरी बातमी कोणती ते विचारण्यासाठी एक ठरलेले ठिकाण होते. आपल्या घरच्या गटात असे ठिकाण नसते, ते ठरवावे लागते. काही कुटुंबांनी ते सहज साधले आहे: शंका आली की निरोप आधी एका ठरलेल्या माणसाला एकट्याला पाठवावयाचा, तो विचारून सांगेल, मग गटात टाकावयाचा. हे काम घरातील सर्वांत शिकलेल्या मुलालाच द्यावे असे नाही. माझे म्हणणे असे की, ते तात्यांनाच द्यावे. ठाण्याचा क्रमांक त्यांच्या मोबाइलमध्ये जतन करून द्यावा, पोलीस पाटलांची ओळख त्यांना असतेच, आणि वेळही त्यांच्यापाशी असतो. चित्र शोधण्यापुरते नातीला शेजारी बसवावे.